श्वासनलिका फोरगटपासून वेगळी होते कशी, आणि टीईएफमध्ये खालची अन्ननलिका श्वासनलिकेलाच का जोडलेली असते?

अथर्व_द्वितीयवर्ष

वर्गात शिकवलेलं उत्तर असं: चौथ्या आठवड्यात फोरगटच्या, म्हणजे भ्रूणाच्या अन्नमार्गाच्या वरच्या नळीच्या, पुढच्या भिंतीला फुगवटा येतो, तो खाली वाढतो, मधे पडदा तयार होतो, पुढे श्वासनलिका आणि मागे अन्ननलिका. पडदा मागे सरकला की अन्ननलिका बंद होते आणि दोन्ही नळ्यांना जोडणारा फिस्टुला राहतो, तोच टीईएफ. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात.

पण चित्र काढायला बसलो की जुळत नाही. ग्रॉसच्या वर्गवारीतला सी प्रकार घ्या. वरची अन्ननलिका आंधळी, म्हणजे खालून बंद. खालची अन्ननलिका जठरातून वर येते आणि श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीत, करायनाच्या, म्हणजे श्वासनलिकेचे दोन फाटे होतात त्या जागेच्या, जरा वर उघडते. साधारण ८५ टक्के बाळांत हाच प्रकार. पडदा नुसता मागे सरकला असेल तर दरवेळी वरचं टोक बंद आणि खालचं टोक श्वासनलिकेत, असंच का? उलटं, म्हणजे वरचा भाग श्वासनलिकेला जोडलेला आणि खालचा आंधळा, असा बी प्रकार जेमतेम एक टक्का का?

मधुरा७

पडदा खालून वर वाढतो ना? फुफ्फुसाची कळी जिथे आहे तिथून सुरू होऊन घशाकडे. मधेच थांबला की तेवढ्या जागी दोन्ही नळ्या जोडलेल्या राहतात आणि फिस्टुला तयार होतो. मला तरी यात कोडं दिसत नाही.

विवर्त

मधुराताई, दिशा बरोबर सांगितलीत. निष्कर्ष मात्र एकाच प्रकाराला लागू पडतो.

आधी नॉर्मल काय होतं ते पाहू. फलनानंतर साधारण २२ ते २६ व्या दिवशी फोरगट ही एकच नळी असते, पण तिच्या पुढच्या आणि मागच्या पेशी तोवर वेगळ्या वाटेला लागलेल्या असतात. पुढच्या पेशींत NKX2-1 हे जनुक चालू, मागच्यांत SOX2 जोरात. पुढच्या बाजूच्या मेसेन्काइममधून, म्हणजे नळीभोवतीच्या सैल ऊतीतून, Wnt2 आणि Wnt2b चे संदेश येतात आणि त्यामुळे पुढची भिंत श्वसनाकडे झुकते. BMP4 चं कामही पुढच्याच बाजूला. मागे नोटोकॉर्डकडून, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतल्या दांड्याकडून, Noggin येतं आणि BMP ला तिथे दाबून ठेवतं. म्हणजे नळी कापली जाण्याच्या आधीच कुठे कापायची ती रेघ आखलेली असते.

मग कळी खाली वाढते, तिचे डावा-उजवा असे दोन फाटे होतात आणि त्यांच्या वरचा भाग वेगळा व्हायला लागतो. पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही बाजूंनी दोन घड्या आत येऊन भिंत बांधतात. उंदराच्या आणि बेडकाच्या भ्रूणात जवळून पाहिलं तर वेगळं दिसतं. NKX2-1 आणि SOX2 च्या सीमेवर नळी डाव्या-उजव्या बाजूंनी आवळली जाते आणि समोरासमोरची एपिथेलियम, म्हणजे नळीची आतली अस्तरं, एकमेकींना टेकते. थोडा वेळ मधे एपिथेलियमचाच पातळ पडदा असतो. मग त्या पेशींची पकड सुटते, पडदा फाटतो आणि त्या फटीत मेसेन्काइम शिरतं. ते शिरलं की तेवढ्या उंचीवर दोन नळ्या सुट्या झाल्या. हेच काम थोडं वर, पुन्हा थोडं वर, असं स्वरयंत्रापर्यंत चालतं. शर्टाची चेन खालून वर उघडत जावी, तसं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत माणसात हे आटोपतं.

आता हे एखाद्या जागी अडलं, पेशी टेकल्या पण पडदा फाटला नाही किंवा मेसेन्काइम शिरलं नाही, तर काय मिळेल? दोन्ही नळ्या अखंड आणि मधे एक पूल. हा ई प्रकार, ज्याला एच टाइप म्हणतात. साधारण चार टक्के. वरच्या टोकाला काम अर्धवट राहिलं तर लॅरिंजियल क्लेफ्ट. पण अन्ननलिका तुटणं यातून निघत नाही. मधुराताईंचं स्पष्टीकरण इथे संपतं आणि अथर्वचा प्रश्न इथे सुरू होतो.

विसूभाऊ

माझ्या शेजाऱ्यांना आयसीयूत बरेच दिवस व्हेंटिलेटर होता, नंतर ट्रॅकिओस्टॉमी. मग पाणी प्यायले की नळीतून बाहेर यायचं. डॉक्टर टीईएफच म्हणाले होते. तो पण गर्भातलाच राहिलेला होता का? म्हातारपणी दिसला?

नागझिरा

नाही भाऊ, नाव तेच पण गोष्ट निराळी. नळीच्या फुग्याचा दाब जास्त दिवस राहिला की श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, भिंत झिजते आणि मागे लगेच अन्ननलिका असतेच. अन्ननलिकेत राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, असेल तर भिंत दोन नळ्यांत चेपली जाते. ते झीज होऊन पडलेलं भोक. या धाग्यातलं प्रकरण पहिल्या सहा आठवड्यांतलं आहे.

अथर्व, एक केस मांडतो. पेपरला येते तशीच, पण तुझा प्रश्न तिच्यातच दडलेला आहे.

३७ आठवड्यांचं बाळ, वजन २.४ किलो. शेवटच्या तिमाहीत आईला पाणी जास्त होतं. जन्मल्यावर तोंडातून फेस, पुसला की पुन्हा फेस. पहिलं दूध पाजायच्या आधी नर्सने नळी घातली, ती हिरडीपासून १० सेंटिमीटरवर अडली. इथे एक चूक नेहमी होते. सहा नंबरची मऊ फीडिंग ट्यूब घातली तर ती वरच्या पिशवीत वेटोळं घालते, आत जात राहते आणि सगळ्यांना वाटतं जठरात पोचली. म्हणून आठ-दहा फ्रेंचची, जरा ताठ नळी. अडली की जोर लावायचा नाही. नळी तशीच ठेवून छाती आणि पोट एकाच फिल्मवर घ्यायचं.

फिल्मवर नळीचं टोक दुसऱ्या ते चौथ्या थोरॅसिक मणक्याच्या आसपास थांबलेलं दिसतं. आता पोटाकडे बघ. जठरात आणि आतड्यांत हवा आहे. वरची वाट बंद आहे, मग हवा गेली कुठून? श्वासनलिकेतून, खालच्या फिस्टुलामधून. म्हणजे सी, किंवा क्वचित डी, ज्यात दोन्ही टोकांना फिस्टुला असतो. पोट पूर्ण पांढरं, हवाच नाही, तर ए प्रकार, म्हणजे फिस्टुला नाही, निदान खालचा तरी नाही, आणि दोन टोकांमधलं अंतर बहुधा मोठं. बेरियम पाजायची गरज नाही. पाजलं तर पिशवीतून ओसंडून फुफ्फुसात जातं.

आता तुझ्याच शब्दांत: ती खालची नळी श्वासनलिकेतून *निघते* की श्वासनलिकेला *चिकटते*? ऑपरेशनमध्ये ती दिसते तेव्हा पहिलंच वाटणं "निघते" असं असतं. सुरुवातीला बारीक, मग जठराकडे रुंद होत जाणारी.

मधुरा७

पण दुधाचं काय? फिस्टुला असला तर दूध थेट त्यातून फुफ्फुसात जाईल, तोच मुख्य धोका ना?

नागझिरा

सी प्रकारात दूध फिस्टुलापर्यंत पोचतच नाही. वरची पिशवी आंधळी आहे. दूध आणि लाळ पिशवीत भरते, वरून ओसंडते आणि स्वरयंत्रातून आत जाते. फिस्टुलाचा धोका उलट्या दिशेने आहे: जठरातलं आम्ल त्यातून वर चढून फुफ्फुसात उतरतं. रासायनिक न्यूमोनिया, लाळेपेक्षा वाईट. म्हणून ऑपरेशनपर्यंत बाळाचं डोकं-छाती ३० ते ४५ अंश वर आणि पिशवीतली लाळ रिप्लॉगल नळीने सतत ओढायची.

आणि मास्कने दाबून श्वास देणं शक्यतो टाळायचं. हवा सोप्या वाटेने जाते, आणि सोपी वाट जठराची असते. जठर फुगलं की डायफ्रॅम वर ढकलला जातो, श्वास आणखी बिघडतो, मग कुणीतरी आणखी जोरात दाबतं. प्रीमॅच्युअर बाळाची कडक फुफ्फुसं आणि रुंद फिस्टुला एकत्र आले की हे फार वेगाने होतं. इंट्युबेट करावंच लागलं तर ट्यूबचं टोक फिस्टुलाच्या खाली पण करायनाच्या वर बसवायचा प्रयत्न करतात. जागा काही मिलिमीटरची.

विवर्त

नागझिरा यांनी "निघते की चिकटते" विचारलं, तिथूनच पुढे जातो.

अ‍ॅड्रियामायसिन हे कर्करोगाचं औषध गाभण उंदरीणीला ठराविक दिवसांत दिलं की पिलांत हुबेहूब सी प्रकार दिसतो. त्या भ्रूणांच्या पातळ चकत्या काढून पाहिल्यावर एका गटाला असं दिसलं: फुफ्फुसाच्या कळीला दोनाऐवजी तीन फाटे फुटतात. डावा, उजवा आणि मधला. मधला मागे-खाली वाढत जाऊन जठराला मिळतो. म्हणजे ज्याला आपण "खालची अन्ननलिका" म्हणतो, तिचा वरचा भाग श्वसनाच्या कळीची तिसरी फांदी आहे.

याला आधार असा की त्या मधल्या नळीच्या पेशींत NKX2-1 सापडतं. ते श्वसनमार्गाचं चिन्ह, अन्ननलिकेत नसायला हवं. माणसाच्या बाळांच्या काढलेल्या फिस्टुलाच्या तुकड्यांतही ते सापडलं आहे. शिवाय खालच्या तुकड्यात कधीकधी केसाळ, श्वासनलिकेसारखी एपिथेलियम दिसते, कधी कूर्चेचे तुकडे. मग ती नळी फांद्या फोडून फुफ्फुस का बनत नाही? कारण फांद्या फुटायला आजूबाजूच्या मेसेन्काइममधून FGF10 चा संदेश लागतो, आणि मधल्या फाट्याच्या वाटेवर तो नीट मिळत नाही. डाव्या-उजव्या कळीला मिळतो, म्हणून त्या फुलतात. मधली नळीच राहते.

हे मानलं तर अथर्वचे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. फिस्टुला करायनाजवळ का? कारण फाटे फुटायची जागा तीच. खालचं टोकच जोडलेलं का? कारण ते मुळात तिथूनच वाढलं. आणि वरची पिशवी म्हणजे मागे उरलेला फोरगट, ज्याला खाली जायला नळीच उरली नाही.

अथर्व_द्वितीयवर्ष

हे पहिल्यांदाच नीट कळलं. मग पुस्तकं अजून "पडदा मागे सरकतो" का लिहितात?

नागझिरा

कारण एका ओळीत बसतं. आणि पूर्ण चुकीचंही म्हणता येत नाही.

प्रयोगवही

विवर्त, तीन फाट्यांचं चित्र मोहक आहे, पण ते औषध दिलेल्या उंदरांतलं आहे. जनुकं बदललेल्या उंदरांत वेगवेगळं मिळतं. NKX2-1 पूर्ण काढलं तर तिसरा फाटा वगैरे काही नाही, नळी वेगळीच होत नाही. एकच सामाईक नळी आणि खाली बिघडलेली फुफ्फुसं. SOX2 ची मात्रा कमी केली तर मात्र अट्रेशिया, म्हणजे अन्ननलिका मधे तुटलेली असणं, आणि फिस्टुला दोन्ही दिसतात. Noggin नसेल तरीही. तिथे सरळ स्पष्टीकरण असं की पुढची-मागची रेघ मागे सरकते, मागच्या पेशी श्वसनाच्या होतात आणि अन्ननलिकेच्या वाट्याला पेशीच कमी येतात. म्हणजे "पडदा मागे सरकला" याचाच नवा अवतार, फक्त भिंतीऐवजी ओळख सरकते. फिस्टुलात NKX2-1 सापडणं हे या स्पष्टीकरणातही बसतं! तिसरी फांदी असण्याचा तो एकट्याने पुरावा होत नाही.

विवर्त

मान्य. NKX2-1 ने इतकंच सिद्ध होतं की ती भिंत श्वसनाची आहे. ती खाली *वाढली* की जागच्या जागी *बदलली*, हे त्यातून कळत नाही. माझा कल फांदीकडे आहे, कारण नळीचा आकार आणि जागा त्याने जास्त सहज समजतात. पण माणसाच्या २५ ते ३५ दिवसांच्या, हा दोष असलेल्या भ्रूणांच्या सलग चकत्या मिळणं अत्यंत दुर्मीळ. आणि माणसातले सगळे ८५ टक्के एकाच वाटेने आले असतील, हेही गृहीत धरू नये.

बाळांत जनुकीय कारण सापडतं तेव्हा यादीत SOX2 असतंच, डोळे लहान किंवा नसलेल्या बाळांत. MYCN फाइनगोल्ड सिंड्रोममध्ये, CHD7 चार्ज सिंड्रोममध्ये. बहुतेक बाळांत मात्र एकटं जनुक सापडत नाही.

रानजाई

मी डॉक्टर नाही. माझ्या बहिणीच्या मुलीचं हेच ऑपरेशन जन्मल्यावर झालं, आता ती चार वर्षांची आहे. बहिणीने तिसऱ्या महिन्यात तापाची गोळी घेतली होती, सासरी अजून तेच ऐकवतात. आणि सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं, तर तिथे हलगर्जी झाली का? आणखी एक, मुलीचा खोकला अजून कुत्रं भुंकल्यासारखा येतो. सगळं जोडलं आहे ना, मग का?

विवर्त

रानजाईताई, आधी गोळीचं. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, आम्ही वर दिवस फलनापासून मोजतोय. दोन्हींत दोन आठवड्यांचा फरक. पाळीपासून धरलं तर कळी यायला पाच आठवडे पूर्ण झाल्यावर सुरुवात होते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही नळ्या वेगळ्या झालेल्या असतात. तिसरा महिना म्हणजे त्यानंतरचा. तिसऱ्या महिन्यातली गोळी या दोषाचं कारण होऊ शकत नाही, हे सासरी सरळ सांगा. पहिल्या काही आठवड्यांतलं ज्या औषधाचं नाव या दोषासोबत घेतलं जातं त्यात थायरॉइडचं कार्बिमाझोल आहे, तापाची गोळी नाही.

पुढचं बाळ हवं असेल तर: एकट्या, इतर दोषांशिवाय आलेल्या केसमध्ये भावंडाला हे होण्याची शक्यता साधारण एक टक्का सांगतात. मुलीला मणके, हृदय, किडनी, गुदद्वार, हाताचा अंगठा यातलं आणखी काही होतं का, यावर जनुकीय सल्ला बदलू शकतो.

नागझिरा

सोनोग्राफीचं मी सांगतो. सी प्रकारात हलगर्जी म्हणणं बहुतेक वेळा अन्यायाचं आहे. बाळ पाणी वरून गिळू शकत नाही, पण फिस्टुलातून थोडं जठरात पोचतं, जठरातला स्वतःचा स्रावही असतो. म्हणून १८-२० आठवड्यांच्या तपासणीत जठर दिसतं आणि सगळं ठीक वाटतं. पाणी वाढणं बरंच उशिरा. ए प्रकारात जठर दिसत नाही किंवा फार लहान दिसतं, तिथे शंका लवकर येते.

आता खोकला. ऑपरेशनमध्ये फिस्टुला बांधून कापला आणि अन्ननलिकेची टोकं शिवली. बहुधा उजव्या बाजूने, चौथ्या फासळीखालच्या जागेतून, अझायगस शीर बाजूला करून. पण श्वासनलिकेची भिंत मुळातच कमजोर घडलेली असते, तिला टाका घालून बळ येत नाही. नॉर्मल श्वासनलिकेत कूर्चेची कमान मोठी आणि मागचा स्नायूचा पडदा अरुंद. या मुलांत कूर्चा आखूड, पडदा रुंद. खोकताना, जोरात रडताना मागची भिंत आत येते, नळी जवळजवळ मिटते आणि तो भुंकणारा आवाज येतो. हाच ट्रॅकिओमलेशिया. वाढत्या वयात बहुतेकांचा कमी होतो, पण जेवताना निळं पडणं, श्वास थांबणं, वारंवार न्यूमोनिया यातलं काही असेल तर वाट न बघता ब्राँकोस्कोपी. न्यूमोनिया वारंवार होत असेल तर फिस्टुला परत उघडलाय का तेही पाहावं लागतं.

घास अडकण्याचंही तेच. खालच्या तुकड्याची हालचाल जन्मापासून नीट नसते, नसाही कमी-जास्त असतात. म्हणून आम्ल वर येणं आणि जोडाच्या जागी आकुंचन दोन्ही खूप आढळतं. घन पदार्थ गिळायला अचानक त्रास व्हायला लागला तर जोड अरुंद झाला असेल, फुग्याने रुंद करतात.

रानजाई

खूप धन्यवाद. हे कुणी इतकं सांगितलंच नव्हतं. पोळी-भाजी खाताना पाणी प्यायल्याशिवाय घास उतरत नाही तिचा, तेही विचारून घेते.

प्रयोगवही

मुलीची हालचाल कमी असणं हे फांदीवाल्यांच्या बाजूने जातं, हे मलाच कबूल करावं लागेल. श्वसनाच्या भिंतीतून बनलेल्या नळीला अन्ननलिकेसारखा नसांचा आणि स्नायूंचा साज कसा मिळणार. अर्थात ऑपरेशनमध्ये व्हेगसच्या फांद्यांना इजा होऊ शकते, आणि फिस्टुला नसलेल्या ए प्रकारातही हालचाल बिघडलेली असते. तिथे श्वसनाची फांदी कुठून आणणार?

विवर्त

ए प्रकाराचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. काहींच्या मते मधला फाटा आधी आला आणि नंतर श्वासनलिकेपासून तुटला, किंवा अन्ननलिकेच्या त्या भागाचा रक्तपुरवठाच गेला. दोन्ही शक्यता आहेत, निवाडा झालेला नाही.

मधुरा७

एच टाइपमध्ये तरी माझं स्पष्टीकरण टिकलं म्हणायचं :) पण तो ओळखतात कसा? अन्ननलिका अखंड आहे, नळी तर सरळ जठरात जाईल.

नागझिरा

टिकलं. आणि म्हणूनच तो आठवडे, कधी वर्षं उशिरा सापडतो. दूध पिताना ठसका आणि निळेपणा, पोट सतत फुगलेलं, पुन्हा पुन्हा उजव्या वरच्या भागात न्यूमोनिया. नळीने दूध दिलं की ठसका थांबतो, ही चांगली खूण. साधा स्वॅलो, म्हणजे डाय गिळायला देऊन काढलेला एक्स-रे, नॉर्मल येऊ शकतो, कारण पूल तिरका असतो: श्वासनलिकेकडचं तोंड वर, अन्ननलिकेकडचं खाली, म्हणून काही जण एचऐवजी एन म्हणतात. बाळाला पालथं करून नळी अन्ननलिकेत खालून वर हळूहळू ओढत डाय सोडावा लागतो, नाहीतर ब्राँकोस्कोपीत मागच्या भिंतीवरचं छोटं तोंड शोधायचं. जागा बहुधा मानेच्या तळाशी, म्हणून दुरुस्ती बऱ्याचदा मानेतूनच होते.

अथर्व, परीक्षेत एक लक्षात ठेव. ग्रॉसचा सी आणि व्होग्टचा तीन-बी एकच. जुन्या पेपरमध्ये व्होग्टचे आकडे येतात आणि मुलं गोंधळतात. अक्षर लिहिण्यापेक्षा "वर अट्रेशिया, खाली फिस्टुला" असं लिही.

अथर्व_द्वितीयवर्ष

लिहितो. एकच राहिलं. बी प्रकार, वरचा फिस्टुला. फांदीच्या हिशोबात तो कुठे बसतो? वरची पिशवी तर मागे उरलेला फोरगट म्हणालात.

प्रयोगवही

फांदीच्या हिशोबात नाही बसत. तिथे मधुराताईंचा पूलच लागतो, आणि अट्रेशिया वेगळ्या कारणाने. डी प्रकारात, म्हणजे दोन्ही टोकांना फिस्टुला, एकाच बाळात दोन्ही बिघाड झाले असं म्हणावं लागेल. विवर्त काय म्हणतात बघू.

विवर्त

बी बद्दल सहमत. डी बद्दल नाही. दोन वेगळे बिघाड एकाच बाळात योगायोगाने यावेत इतका डी दुर्मीळ नाही, तोही साधारण बी इतकाच भरतो. मूळ रेघच लांबवर विस्कटली असेल तर वर पूल आणि खाली फांदी दोन्ही एकाच कारणाने येऊ शकतात. उद्या वेळ मिळाला की Noggin नसलेल्या भ्रूणातल्या नोटोकॉर्डबद्दल लिहितो. त्यात नोटोकॉर्ड फोरगटला चिकटलेला राहतो आणि मागच्या भिंतीतल्या पेशी ओढून नेतो असं दिसलंय. डी चा धागा तिथे लागतो का ते पाहू.